सहानंतरच्या चपला

आमच्या क्लासच्या जर्मनच्या सरांनी एकदा वर्गाकडे पाठ करून, "उद्या चाचणीला येताना सगळ्यांनी" एवढंच वाक्य म्हटलं आणि खडू खाली ठेवला. सहा वाजले होते. सगळ्यांनी काय करायचं, काय आणायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. खुर्चीवर बसले, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट कपाटात ठेवले, कपाटातल्या रबरी चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरून गेले. सगळा वर्ग उठून माझ्याकडे आला. मला जर्मनमधलं ओ की ठो कळत नाही. मी फक्त क्लासची मालकीण.

माझा क्लास नागापूरला, मनमाड रस्त्याच्या कडेला, एका टायरच्या दुकानाच्या वर आहे. आधी मी स्पोकन इंग्लिश चालवायचे. मग जर्मनीत नर्सेस पाहिजेत म्हणून बोलबाला झाला, नगरच्या दवाखान्यांतल्या पोरी विचारायला येऊ लागल्या, आणि मी जर्मन शिकवणारा माणूस शोधायला निघाले. हे सर मिळाले. पन्नाशी उलटलेली, सडसडीत अंगकाठी, इस्त्रीचा शर्ट. शिकवण्याबद्दल एक शब्द बोलायची सोय नव्हती. त्यांच्या मुली पास व्हायच्या, आणि पहिल्या फटक्यात व्हायच्या. त्यामुळेच तर त्यांना काढून टाकायची सोयही राहिली नव्हती.

पहिल्याच दिवशी त्यांनी एक अट घातली होती. "सहाला फायराबेंट."

मी म्हटलं, "ते काय असतं?"

इथे चूक झाली. त्यांना शब्दाबद्दल विचारायचं नसतं. फायर म्हणजे सण, आबेंट म्हणजे संध्याकाळ, पूर्वी तिकडे सणाच्या आदल्या संध्याकाळी काम थांबवायचे त्या संध्याकाळचं हे नाव, मग पुढे कारागीर मंडळींनी ते रोजच्याच काम थांबण्याला लावलं, असं सगळं त्यांनी मला ऐकवलं. शेवटी लिहायचा द आणि म्हणायचा ट, हेही सांगितलं.

"म्हणजे आपली सुट्टी होते, तसंच ना?" मी म्हटलं. एमआयडीसीत भोंगा वाजला की सगळे 'सुट्टी झाली' असंच म्हणतात.

"सुट्टी कंपनीची होते," सर म्हणाले. "फायराबेंट माणूस करतो. आणि तो गेटापाशी संपत नाही, मॅडम. झोपेपर्यंतची संध्याकाळ त्यातच येते. काम थांबलं एवढंच नाही, नंतरचा वेळ आपला, असा तो शब्द आहे."

मी मान डोलावली. मला वाटलं, शिकवायच्या उत्साहात बोलताहेत. हा माणूस ते पाळणार आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पाळायचे कसे, तर सहाला फोन बंद करून डाव्या बुटात ठेवायचे. हो, बुटात. बूट कपाटात, कपाटाला कुलूप. घरी बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्या फोनची रात्रभर कुणाला आठवण यायची नाही, फक्त मला यायची. चपला घातल्या की या माणसाला जर्मन येत नसे. जिन्यात एखादीनं मोठ्या हौसेनं "गूटन आबेंट, हेर लेहरर" असा संध्याकाळचा नमस्कार केला, तर हे म्हणणार, "काय गं, बस मिळेल ना आता?" वर्गात याच्या बरोबर उलटं. तिथे मराठीचा एक शब्द चालायचा नाही. पाणी मागायचं तरी जर्मनमधून. एक मुलगी विभक्ती जुळवेपर्यंत तहानलेली राहिली आणि शेवटी खाली जाऊन पाणी पिऊन आली.

वर्गात गोंगाट झाला की ते टेबलावर हात आपटून ओरडायचे, "येट्स्ट इस्ट आबर फायराबेंट!" तिकडे दटावायलाही हाच शब्द वापरतात, म्हणजे आता पुरे, बास. नव्या बॅचला ते कुठून ठाऊक? त्या बिचाऱ्या दप्तरं भरून निघायच्या. मग सर आणखी ओरडायचे आणि मी ऑफिसातून धावत यायचे.

नर्स पोरींना या शब्दाचं भारी कुतूहल. एकीनं विचारलं, नाईट ड्यूटी सकाळी संपते, मग तेव्हा काय? सर म्हणाले, तेव्हाही फायराबेंटच. सकाळी घरी निघालेल्या नर्सलाही लोक 'श्योनेन फायराबेंट' म्हणतात, तुमचा फायराबेंट छान जावो. सूर्याशी त्याचा संबंध नाही, तुमच्या कामाशी आहे. मग त्यांनी सगळ्यांना बोलायला लावलं, तुम्ही फायराबेंटनंतर काय करता? एक म्हणाली, घरी जाऊन स्वयंपाक. दुसरी म्हणाली, सासूचं औषधपाणी, मग स्वयंपाक. तिसरीनं म्हशींची धार काढली. खर्ड्याहून आलेली मनीषा नावाची मुलगी तीन मैत्रिणींबरोबर सावेडीत खोली करून राहायची. ती म्हणाली, भांडी माझ्याकडे असतात. सर तावातावानं ऑफिसात आले.

"मॅडम, यांच्यातल्या एकीलाही फायराबेंट नाही! दुसरी शिफ्ट आहे नुसती!"

"मला तरी कुठे आहे?" मी म्हटलं. एका हातात फोन, समोर लॅपटॉप, दारात कुणाचे तरी वडील. रात्री जेवतानाही पालक फोन करतात आणि मी घेते. घेतला नाही तर पोरगी दुसऱ्या क्लासला जाते.

"तेच म्हणतोय मी," सर म्हणाले आणि माझ्याकडे अशा कीव आल्यासारख्या नजरेनं बघितलं की पेपरवेट फेकून मारावासा वाटला.

आता कुणी म्हणेल, एवढा जपून ठेवलेला वेळ हा माणूस घालवत कुठे होता? तर आमच्याच जिन्याखाली. तिथे एक चहाची टपरी आहे. तिचं बाकडं सरांनी फिरवून हमरस्त्याकडे तोंड करून ठेवलं होतं आणि अंधार पडेपर्यंत ते त्यावर बसून ट्रक बघायचे. एखादा ट्रक चहाला थांबला की उठून ड्रायव्हरजवळ जायचे आणि विचारायचे, "पुढं कुठं?" कुठून आला, काय भरलंय, यात त्यांना रस नव्हता. तो म्हणायचा, इंदूर. सर म्हणायचे, "आणि त्याच्या पुढं?" ड्रायव्हरांना वाटायचं, हा आरटीओचा माणूस आहे. बरेच जण चहा न पिताच निघून जायचे.

टपरीवाले मामा माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन आले. "मॅडम, सरांना जरा सांगा की. गिऱ्हाईक पळून जातंय. पुढं कुठं, पुढं कुठं. आवो, त्या डायव्हरलाच म्हाईत नस्तंय!"

मी सरांना विचारलं. पाच वाजता विचारलं, सहाच्या आत, म्हणून उत्तर मिळालं. "फेर्नवे," ते म्हणाले.

पुन्हा शब्द! फेर्न म्हणजे दूर, वे म्हणजे दुखणं. घराच्या ओढीनं जीव झुरतो त्याला जर्मनमध्ये हाइमवे म्हणतात, त्याच धर्तीवर हा शब्द. घर नसलेल्या ठिकाणासाठी, दूरच्यासाठी जीव दुखतो, तो फेर्नवे. भटकायची हौस निराळी, तिला दुसरा शब्द आहे आणि त्यात मजा आहे. यात मजा नाही, दुखणंच आहे.

"पोरी सगळ्या लिहितात, मला फेर्नवे आहे म्हणून जर्मनीला जायचंय. इंटरनेटवरून उचलतात. मी खोडतो," सर म्हणाले. "ज्याला जागेचं नाव सांगता येतं त्याला फेर्नवे नाही. त्यानं तिकीट काढावं आणि जावं."

"मग तुम्ही का नाही जात कुठे? जर्मनीला तरी?"

"दोनदा पासपोर्ट काढला," ते म्हणाले. "पहिल्या वेळी वडील अंथरुणाला खिळले. नंतर आई. दोन्ही पासपोर्ट कोरे संपले." एवढं बोलून ते वर्गात गेले आणि मोठ्यानं क्रियापदं म्हणवून घेऊ लागले. मला वाईट वाटलं. पण या माणसाबद्दल वाईट वाटणं फार वेळ टिकत नसे. त्याची सोय ते स्वतःच करायचे.

मनीषाच्या मुलाखतीच्या वेळी त्यांनी ती केली. मनीषा अबोल मुलगी. घरचे लग्नाचं बघत होते आणि ही मुलाखत हुकली तर दिवाळीनंतर बार उडवायचा, असं तिच्या भावानं मला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. जर्मनीतल्या हॉस्पिटलची माणसं सोमवारी लॅपटॉपवर येणार होती. तिकडचे दुपारचे दीड, म्हणजे आपले पाच. साडेतीन तास मिळवायचे, हे मला आता झोपेतही येतं. मी ऑफिसातल्या फळ्यावर मोठ्या अक्षरात 'मनीषा, सोमवार, पाच' असं लिहून ठेवलं. ती घाबरते म्हणून सर नुसते शेजारच्या खुर्चीवर बसणार होते.

पाच वाजले. मनीषा इस्त्रीच्या ड्रेसमध्ये ताठ बसलेली. पडद्यावर कुणी नाही. सव्वापाच झाले तरी कुणी नाही. तिचे ओठ पांढरे पडले. मी वर्गात धावले. सर शांतपणे फळा पुसत होते.

"इतक्यात कशी येतील? तिकडे अजून एकसुद्धा वाजला नाही," ते म्हणाले. "ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे घेतात. काल घेतली. आता साडेचार तास मिळवायचे. सहाला येतील."

"तुम्हाला माहीत होतं?"

"शनिवारी तुमचा फळा वाचला तेव्हा लक्षात आलं."

"मग सांगितलं का नाही?"

"चपला घातल्या होत्या," सर म्हणाले. "आज म्हटलं, तुम्ही दुरुस्त केलं असेल."

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि खरा कळस पुढेच होता. सर येऊन मनीषाशेजारी बसले खरे. पण सहा वाजता लॅपटॉप वाजू लागला, आणि त्याच क्षणी खुर्चीवरून उठून सरांनी बुटांच्या नाड्या सोडल्या. मी हात जोडले. अक्षरशः जोडले. त्यांनी मनीषाला "श्योनेन फायराबेंट" म्हटलं, जणू तिचाही झाला होता, मग चपला घातल्या आणि निघून गेले. पडद्यावर एक जाड चष्म्याची बाई आणि एक गोरा तरुण हसत हॅलो करत होते. मनीषाच्या डोळ्यांत पाणी.

मला कळत काहीच नव्हतं. ती पाठ केलेलं बोलत होती आणि मधेमधे अडकत होती, इतकं समजत होतं. मग त्या बाईंनी काहीतरी विचारलं, त्यातला फायराबेंट तेवढा मला ओळखू आला. मनीषानं रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. खिडकीतून खालचं बाकडं दिसत होतं, तिकडे बघितलं. आणि ती बोलायला लागली. हात हलवून, अडखळत, चुका करत, पण भडाभडा. चष्म्याच्या बाई तोंडावर हात ठेवून खो खो हसायला लागल्या. तो तरुणही हसला.

मी नंतर तिला विचारलं, काय सांगितलंस?

"त्यांनी इचारलं, फायराबेंटला काय करता," मनीषा म्हणाली. "मी म्हनलं, मला न्हाई फायराबेंट. पन आमच्या सरांला हाय. माझी मुलाखत चालू हाय न् सर ते बगा खाली च्या पित्यात. ट्रक बगत्यात. मला लई राग आलाय, असंबी म्हनलं."

तिची निवड झाली. मी पेढे घेऊन खाली गेले आणि सरांना सरळ विचारलं, तुम्ही मुद्दाम उठून गेलात का? ती स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून?

"सहा वाजले होते," सर म्हणाले. पेढा घेतला आणि रस्त्याकडे बघत बसले. आजतागायत मला याच्या पलीकडे उत्तर मिळालेलं नाही आणि मी विचारायचंही सोडलं आहे.

पुढच्या परीक्षा, कागदपत्रं, व्हिसा यांत दीड वर्ष गेलं आणि एप्रिलमध्ये मनीषा गेली. उन्हाळाभर तिचा फोन यायचा. सकाळची ड्यूटी तिकडच्या दुपारी दोनला संपायची, तेव्हा आपले साडेपाच. सर वर्गातच उभ्या उभ्या तिच्याशी जर्मनमध्ये बोलायचे, चुका काढायचे आणि सहाला बोलता बोलता फोन ठेवायचे. मग ऑक्टोबर संपला, तिकडची घड्याळं मागे गेली, आणि तिचे दोन म्हणजे आपले साडेसहा झाले. साडेसहाला सरांचा फोन बुटात.

त्याच आठवड्यात तिचा मला फोन आला. रडत होती. "मॅडम, मी येते माघारी. उद्या राजीनामा लिवून देते. सरांला एकदा इचारायचं हुतं, पन त्यांचा फोन बंद लागतोय."

मी समजावून बघितलं. भावाला काय सांगशील, म्हटलं. एवढी वर्षं कशासाठी घातलीस, म्हटलं. ती नुसती रडत होती. शेवटी मी माझा फोन घेऊन जिना उतरले आणि सरांच्या पुढ्यात धरला.

"सहा वाजून गेलेत," सर म्हणाले.

"सर, पोरगी रडतेय!" मी ओरडले. मामांच्या हातातलं पातेलं हललं. "नोकरी सोडून यायला निघालीय! तुमचा तो फायराबेंट घाला चुलीत!"

सरांनी फोन घेतला. मनीषानं सवयीनं जर्मनमध्ये सुरुवात केली. सर म्हणाले, "मराठीत बोल. मी चपला घातल्यात."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्यांच्याशी आपल्या भाषेत बोलली. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे टपरीवरच्या सगळ्यांनी ऐकलं. "सर, कामाचं काय न्हाई. काम जमतंय. पन दोन वाजता समदी श्योनेन फायराबेंट म्हनत्यात न् जात्यात. मी खोलीत येऊन बसते. स्वयपाक एकटीचा, भांडं एक. मग काय करायचं तेच कळंना. दिस मावळतो तरी झोपायला टाईम असतोय. लई भ्या वाटतंय सर, त्या रिकाम्या टायमाचं."

मला वाटलं, आता हाइमवेवर व्याख्यान होणार. पण त्यांना तर जर्मन येत नव्हतं.

"खिडकी आहे का खोलीला?" सरांनी विचारलं.

"हाय."

"काय दिसतंय?"

"रस्ता हाय. झाडं हायेत. पुढं वळतोय रस्ता."

"वळल्यावर काय आहे?"

"म्हाईत न्हाई सर. दवाखाना हिकडच्या बाजूला हाय."

सर बाकड्यावरून उठले. मी त्यांना इतकं चिडलेलं वर्गातही पाहिलं नव्हतं. "एप्रिलपासून तिथं आहेस! आणि वळल्यावर काय आहे ते तुला माहीत नाही? मी इथं बसून रोज..." त्यांनी समोरच्या रस्त्याकडे हात केला. "कोट घाल. फोन ठेवू नकोस. जा आणि मला सांग."

"आत्ता?"

"मग कधी? तुझं काम संपलंय ना? माझंही संपलंय."

दार ओढल्याचा आवाज आला, मग जिना, मग वारा. ती चालत होती आणि सांगत होती. सर पुन्हा बाकड्यावर बसले, चपला काढून पाय वर घेतले, फोन तोंडापुढे धरला. वळणावर पावाचं दुकान होतं. त्याच्यापुढं एक पूल. पुलाखाली नदी, प्रवरेपेक्षा लहान पण भरलेली. काठानं एक म्हातारी कुत्रं घेऊन चालली होती आणि तिनं मनीषाला काहीतरी म्हटलं. "काय म्हणाली?" सर. "श्योनेन फायराबेंट, असं," मनीषा म्हणाली आणि रडता रडता हसली.

"बरं," सर म्हणाले. "पुढं?"

माझा चहा गार झाला. फोनमध्ये एका पालकाचा कॉल येत होता, मग दुसऱ्याचा. मी खुणा करत होते. सर रस्त्याकडे बघत होते, पण त्या दिवशी ते ट्रक बघत नव्हते.

मनीषानं राजीनामा दिला नाही. आता हिवाळा आहे आणि साडेसहाला तिचा फोन येतो, माझ्या फोनवर, कारण सरांचा बुटात. तो मी खाली नेऊन द्यायचा असतो. ती रोज नव्या रस्त्याला जाते, परवा ट्राममध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत गेली, आणि हा माणूस बाकड्यावर बसून तिला "पुढं? पुढं?" विचारत राहतो. मामा खूश आहेत, ड्रायव्हर पुन्हा चहाला थांबायला लागलेत. माझी मात्र कामं खोळंबतात. मी सरांना सांगून बघितलं की सर, तो धंद्याचा फोन आहे, तासभर अडवून ठेवता येत नाही. ते म्हणाले, "सहानंतर कसला धंदा?"

तर साडेसहा ते साडेसात माझ्याकडे फोन नसतो. कुणाला उत्तर देता येत नाही, कुणी विचारत नाही. मी ऑफिसच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसते आणि खिडकीतून खाली बघते. काय करायचं असतं, ते मला अजून कळलेलं नाही.